मोडी पत्र: अक्षरं लागतात पण वाचन चुकतं, तेव्हा नेमकं काय करायचं

दहा दिवसांचा मोडीचा वर्ग केला, बाराखडी पाठ झाली, छापील तक्ता समोर ठेवला की एकेक अक्षर ओळखता येतं, पण घरातलं पत्र काढलं की दोन ओळीत गाडी अडते आणि जे वाचलं त्याचा अर्थच लागत नाही. किंवा त्याहून वाईट, अर्थ लागतो पण चुकीचा लागतो. हा प्रॉब्लेम मला सातारा-सांगली पट्ट्यातल्या चार-पाच जणांनी तरी सांगितलाय आणि मी स्वतः यात वर्षभर अडकलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आमच्याच घरातलं एक पत्र घेतो, कारण त्यात होण्यासारख्या सगळ्या चुका होऊन झाल्यात.

पत्र तासगावजवळच्या आमच्या गावचं, आजोबांच्या ट्रंकेतलं. आमचे थोरले काका शाळेत थोडी मोडी शिकलेले, त्यांनी ते तीसेक वर्षांपूर्वी वाचून वहीत उतरवून ठेवलेलं. त्या वाचनाप्रमाणे आमचे खापरपणजोबा कुठल्यातरी संस्थानच्या तोफखान्यात होते, तिथं "गादीचा ताप" म्हणजे वारसाहक्काचं भांडण चालू होतं आणि हिशोबात पाचशे अकरा, दोनशे अकरा असे रुपये खर्च झालेले. वरती "राजश्री" लिहिलेलं होतंच. लग्नकार्यात ही गोष्ट सांगितली जायची आणि आम्ही पोरं ऐकायचो. पत्रात प्रत्यक्षात यातलं काहीही नाही. पत्र प्लेगचं आहे.

आता हे झालं कसं ते बघू.

मोडीत लिहिताना आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेषा ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरं टांगत जायची, त्यामुळं शब्द कुठं संपला हे रेषेवरून कळत नाही. दोन शब्दांत जागा नसते, पूर्णविराम नसतो आणि ओळ संपली की शब्द जिथं असेल तिथं तुटतो, पुढचा तुकडा खालच्या ओळीत, मध्ये जोडणारी खूण वगैरे काही नाही. हात न उचलता लिहायचं म्हणून काना सुद्धा अक्षरालाच चिकटून येतो आणि तक्त्यात सुटं दिसणारं अक्षर पत्रात वेगळंच दिसायला लागतं. त्यात प्रत्येकाचा हात वेगळा. वर्गात आपण शिकतो ते बहुतेक पेशवेकाळातलं बोरूचं जाड-बारीक वळण, आणि घरात सापडतात ती पत्रं इंग्रजी अमदानीतली, टाकानं भराभरा लिहिलेली. म्हणून तक्ता आणि पत्र जुळत नाही, यात तुमची चूक नाही, तक्त्यावर विसंबणं एवढीच चूक.

मग करायचं काय, तर पत्राचा तक्ता पत्रातूनच काढायचा. घरगुती पत्राचा मायना ठरलेला असतो आणि तो तुम्हाला आधीच माहितीय, वाचायचाच नाहीये. आमच्या पत्राची सुरुवात अशी (शब्द मी तोडलेत, मूळात सलग आहे):

श्री
तीर्थरूप राजश्री दादा वडिलांचे सेवेसी अपत्ये … कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष

एवढ्या मजकुरात किती वेगळी व्यंजनं आली मोजा. त, र, थ, प, ज, श, द, व, ड, ल, च, स, य, क, न, ष, ट, ग, म अशी एकोणीस आणि वरती स्वर अ. म्हणजे हा माणूस त कसा काढतो, क कसा काढतो, काना कसा चिकटवतो, ष्ट जोडताना काय करतो हे सगळं त्यानं स्वतः पहिल्या दोन ओळीत दाखवून ठेवलंय. मग पत्राच्या शेवटाकडं जायचं. तिथं "बहुत काय लिहिणे, लोभ असो द्यावा, कळावे, हे विनंती" यातलं काहीतरी असतंच, त्यातून ब, ह, ण, भ, ळ मिळतात. मागं उरली ख, घ, छ, झ, ठ, ढ, ध, फ ही आठच अक्षरं, हे फार महत्त्वाचंय, पुढं कामाला येतं.

मी काय केलं, पत्राचा मोबाईलवर फोटो काढला (फ्लॅश बंद, खिडकीशेजारी, आणि पाठपोट लिहिलेलं पत्र असेल तर मागं काळा कागद ठेवा, मागच्या बाजूची शाई कमी दिसते), तो मोठा करून प्रिंट काढली आणि मायन्यातलं एकेक अक्षर कात्रीनं कापून वहीत चिकटवलं, प्रत्येक अक्षराचे दोन-तीन नमुने, कारण ओळीच्या सुरुवातीचा र आणि मधला र वेगळा येतो. मूळ पत्राला कात्री लावू नका हे सांगायची गरज नसावी पण मी एकांना सेलोटेप लावताना बघितलंय म्हणून सांगतो.

आता गादीकडं येऊ. काकांनी "येथे गादीचा ताप सुरू आहे" असं वाचलेलं. मधलं अक्षर त्यांना द वाटला, तक्त्यातल्या द सारखाच थोडाफार गोल आहे. पण याच माणसानं मायन्यात "दादा" लिहिलंय, म्हणजे त्याच्या हातचे दोन द आपल्याकडं शेजारी शेजारी आहेत. ते ठेवून बघितलं तर जमत नाही, दादाच्या द ला खाली शेपूट आहे आणि या अक्षराला नाही, पूर्ण वाटोळं आहे. बाकीच्या मिळालेल्या अक्षरांपैकी पण कुठलंच ते नाही. मग ते उरलेल्या आठांपैकीच असणार. गाखीचा, गाघीचा, गाछीचा, गाझीचा, गाठीचा, गाढीचा, गाधीचा, गाफीचा. आठ शब्द म्हणून बघितले की उत्तर आपोआप समोर येतं, गाठीचा ताप. त्या काळात प्लेगला गाठीचा ताप, गाठीचा रोग म्हणायचे.

एवढ्यावर मी नाचलो नाही, कारण काकांनी पण असंच आत्मविश्वासानं वाचलं होतं. वाचन बरोबर आहे हे पत्राच्या दुसऱ्या कुठल्यातरी भागानं सांगावं लागतं. इथं ते काम तारखेनं केलं. काकांच्या वहीत शके १८११ आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो (जानेवारीपासून पाडव्यापर्यंतची मिती असेल तर ७९), म्हणजे १८८९. मुंबईत प्लेग आला १८९६ मध्ये आणि पुण्यात पुढच्या वर्षी, मग १८८९ ला तासगावकडं गाठीचा ताप कुठून येणार. म्हणजे एकतर गाठीचा चुकलंय नाहीतर साल. सालाचा शेवटचा आकडा कागदाच्या घडीवर आलाय, शाई फुटलीय, तो १ पण असू शकतो आणि ९ पण. सुदैवानं सालानंतर संवत्सराचं नाव आहे, त्यातली "हेम" ही दोनच अक्षरं शाबूत आहेत, पुढचं घडीत गेलं. पण साठ संवत्सरांत हेमनं सुरू होणारं एकच आहे, हेमलंबी, एकतिसावं. आणि शकावरून संवत्सर काढायची सोपी रीत आहे, शकात १२ मिळवा, ६० नं भागा, जी बाकी राहील तो संवत्सराचा क्रमांक. १८११ अधिक १२ म्हणजे १८२३, बाकी २३, विरोधी. जमत नाही. १८१९ अधिक १२ म्हणजे १८३१, बाकी ३१, हेमलंबी. मिती आश्विन वद्य ५ आहे, म्हणजे ऑक्टोबर १८९७. गाठीचा ताप आणि साल दोन्ही एकमेकांना धरून बसले.

(संवत्सर प्रत्येक पत्रात मिळत नाही. नसेल तर वार बघा, मिती आणि वार दोन्ही असतील तर जुन्या पंचांगावरून साल पक्कं करता येतं, नुसत्या आकड्यावर कधीच जाऊ नका.)

आता तोफा. ही चूक अक्षराची नाहीच, काकांनी यातलं एकूणएक अक्षर बरोबर वाचलं होतं. मूळ ओळ अक्षराला अक्षर अशी आहे:

बायकोवारलीतोफारकष्टीआहेत्याससांग
लीसपाठविलाआहे

डोळा सवयीनं ओळखीचा शब्द शोधतो आणि इथं "तोफा" टपून बसलेलाच आहे. एकदा तोफा दिसल्या की पुढं "आहेत" पण दिसतं, अनेकवचन पण जुळतं, आणि "यास सांग" ही आज्ञा पण निघते. काकांच्या वहीत आहे, "तोफा … आहेत, यास सांग." मधल्या टिंबांच्या जागी "रकष्टी" होतं, ते त्यांना लागलं नाही म्हणून सोडून दिलं, आणि खालच्या ओळीच्या सुरुवातीचं "लीस" पण सोडलं. बरोबर वाचन आहे, "बायको वारली. तो फार कष्टी आहे. त्यास सांगलीस पाठविला आहे." ज्याची बायको प्लेगनं गेली त्या पोराचं दुःख आम्ही शंभर वर्षांनी तोफा म्हणून मिरवत होतो, असो.

यातनं मी एक नियम धरलाय, मजकूर तोडल्यावर जर मध्ये असा तुकडा उरला की जो मराठीत शब्दच नाही तर तो तुकडा अवघड नाहीये, तुमची तोड चुकलीय. रकष्टी असा शब्द नाही, लीस असा शब्द नाही. तुकड्याच्या टोकाचं एक-दोन अक्षर शेजारच्या शब्दाला देऊन किंवा त्याच्याकडून घेऊन बघायचं. रकष्टीचा र मागं ढकलला की "फार" झालं आणि तोफा गेल्या. ओळीच्या शेवटी तर हमखास असं होतं, म्हणून मी आता प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द खालच्या ओळीच्या पहिल्या दोन-तीन अक्षरांना जोडूनच वाचतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पूर्ण ओळ सलग उतरवून झाल्याशिवाय शब्द तोडायचेच नाहीत, एक शब्द मनात बसला की पुढचं सगळं त्याच्या सोयीनं दिसायला लागतं. त्याबरोबर जोडाक्षर पण तपासा. "आहेत यास" असतं तर त पूर्ण आला असता, इथं तो य ला अर्धा जोडलाय, अगदी मायन्यातल्या "अपत्ये" मधल्या त्य सारखा. म्हणजे "आहे त्यास". कापून चिकटवलेली अक्षरं इथं परत उपयोगी पडली.

आता वेलांटी-उकार. मोडीत इकार एकच आणि उकार एकच, ऱ्हस्व-दीर्घ असा भेद लिहिणारा करत नाही, रीतीप्रमाणे इकार सगळे दीर्घ वळणाचे आणि उकार सगळे ऱ्हस्व. अनुस्वार पण बरेचदा गाळलेला. त्यामुळं देवनागरीत उतरवताना कुठली वेलांटी द्यायची हे तुम्ही ठरवत असता, पत्र सांगत नसतं. आमच्या पत्रात पुढं आहे "सुतपाठविलेतेपावले". सुत म्हणजे मुलगा, सूत म्हणजे धागा, मोडीत दोन्ही सारखंच लिहिणार. इथं क्रियापद सोडवतं, पाठविले, ते पावले, नपुंसकलिंगी आहे म्हणजे सूत. मुलगा असता तर पाठविला आला असता, शिवाय घरच्या पत्रात पोराला कोणी सुत म्हणत नाही, चिरंजीव म्हणतात. पण सगळीकडं असं सुटत नाही, म्हणून दोन प्रती करायच्या. पहिली जशीच्या तशी, ओळीला ओळ, ओळ क्रमांक टाकून, वेलांटी-उकार मोडीत जसा तसाच, न लिहिलेला अनुस्वार द्यायचा नाही, शब्द तोडायचे नाहीत. दुसरी आजच्या वाचकासाठी, शब्द तोडून, विरामचिन्हं घालून, आजच्या शुद्धलेखनानं. काकांनी फक्त दुसरी केली होती, त्यामुळं चूक कुठं झाली ते शोधायला मला परत मुळापासून सुरुवात करावी लागली.

मागच्या बाजूच्या हिशोबानं तर मला सगळ्यात जास्त हसू आलं. तिथं तीन रकमा आहेत, बांबू व गवत ५॥, दाणे २॥=, टांगा १।-, आणि खाली बेरीज ९।≡. काकांनी उभ्या रेघा एक म्हणून वाचल्या, ५११ आणि २११. आडव्या रेघा त्यांनी शाईचे ओरखडे समजून सोडल्या. उभी रेघ म्हणजे पावली, चार आणे. दोन उभ्या म्हणजे आठ आणे, तीन म्हणजे बारा. आडवी रेघ म्हणजे एक आणा. म्हणजे साडेपाच रुपये, दोन रुपये दहा आणे, एक रुपया पाच आणे. रुपये झाले आठ, आणे झाले आठ अधिक दहा अधिक पाच, तेवीस, त्यातले सोळा आण्यांचा एक रुपया, राहिले सात. नऊ रुपये सात आणे. खाली ९ च्या पुढं एक उभी आणि तीन आडव्या, चार अधिक तीन, सात आणे. बेरीज जुळली म्हणजे चारही आकडे बरोबर वाचले गेले, एवढा पक्का पुरावा मजकुरात कधी मिळत नाही. म्हणून पत्रात कुठं हिशोब असेल तर आकडे आधी तिथून शिका आणि मग तारखेकडं जा. आणि खर्च कसला ते बघा, बांबू आणि गवत. प्लेगमध्ये लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहायचे, पत्रात "गाव बाहेर पडला" असं आहे, त्या झोपडीचे हे पैसे.

संक्षेपांचं थोडक्यात सांगतो, त्यावर लिहायला बसलो तर रात्र जाईल. अक्षराच्या पुढं एक-दोन दंड दिसले तर तो शब्द आखडलेला आहे, पण आकड्याच्या पुढं तेच दंड पावल्या होतात, गोंधळ इथंच होतो. एकाच खुणेचे अर्थ पण जागेप्रमाणं बदलतात. आमच्या पत्रात "ता।" दोनदा आहे. "येथील क्षेम ता। आश्विन वद्य ५ जाणून" इथं ते तागायत, म्हणजे या मितीपर्यंत इकडं खुशाल. शेवटी पत्त्यात "ता। तासगाव जिल्हे सातारा" इथं तालुका. आणि हो, तासगाव सातारा जिल्ह्यात कसं म्हणून ते दुरुस्त करू नका, एकानं केलं होतं. सांगली जिल्हा तेव्हा नव्हताच, १९४९ ला दक्षिण सातारा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं. सांगली गाव तेव्हा पटवर्धनांच्या संस्थानात.

"राजश्री" आणि "राजमान्य राजेश्री" याचा राजाशी संबंध नाही, आजच्या श्रीयुत सारखं आहे ते, रा. रा. म्हणून आखडून पण येतं. तीर्थरूप म्हणजे वडीलच असं नाही, थोरला भाऊ, चुलता, आई, सगळ्यांना लागतं. तसंच चिरंजीव म्हणजे लिहिणाऱ्याचाच मुलगा असं धरून वंशावळ काढू नका, पुतण्या पण चिरंजीवच. आमच्या पत्रातला "चि। बापु", ज्याची बायको गेली तो, लिहिणाऱ्याचा मुलगा का पुतण्या हे मी अजून ठरवलेलं नाही, वंशावळीत त्याच्यापुढं प्रश्नचिन्ह आहे.

काकांना सगळं वाचून दाखवलं. तोफा गेल्याचं त्यांना वाईट वाटलं, थोडा वेळ गप्प बसले, मग चष्मा लावून बेरीज स्वतः करून बघितली आणि म्हणाले, "सात आणे बरोबर आहेत रे. पण झोपडी घातली कुठं?"

तेच अडलंय. ओळ अशी आहे, "… वाडीचे माळावर आहो", आणि वाडीच्या आधीची दोन अक्षरं नेमकी घडीच्या चिरेत गेलीत. पहिल्याचा फक्त वरचा गोल दिसतो, तो ब असेल किंवा व, या माणसाच्या हातात ब ची पोटातली रेघ घाईत गळते त्यामुळं पत्रातल्या बाकीच्या ब-व शी ताडून पण भागत नाही. गावाजवळच्या दोन वाड्या तिथं बसू शकतात. दोन्ही प्रतीत मी तिथं [दोन अक्षरं गेली, पहिलं ब किंवा व] असं लिहून ठेवलंय.